पाचशेच्या भावाला एकोणसत्तर पट मागणी: टाटा टेक्नॉलॉजीजच्या भागविक्रीचा हिशेब

नोव्हेंबर २०२३ मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजची भागविक्री झाली, तेव्हा ओळखीतल्या जवळपास प्रत्येक घरातून किमान एक अर्ज गेला होता. वाटप जाहीर झाल्यावर बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य होतं: "किरकोळ विभागात साडेसोळा पट भरणा झाला, म्हणजे सोळांत एकाला मिळणार, आपण कुठले त्यातले!" हे वाक्य दोन ठिकाणी चुकतं. ते का चुकतं हे बघताना बुक बिल्डिंगची, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यात बोली मागवून किंमत काढण्याची, पद्धत आतून कशी चालते तेही समजतं, म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर घेतो. नियम अर्थातच तेव्हा लागू असलेले.

आधी मामला काय होता ते पाहू. कंपनी नवे शेअर काढत नव्हती. टाटा मोटर्स ४ कोटी ६२ लाख ७५ हजार शेअर विकणार होती, आणि अल्फा टीसी होल्डिंग्ज व टाटा कॅपिटल ग्रोथ फंड हे दोन जुने गुंतवणूकदार उरलेले. असे एकूण ६ कोटी ८ लाख ५० हजार २७८ शेअर. येणारा पैसा विकणाऱ्यांच्या खिशात जाणार होता, कंपनीच्या तिजोरीत एक रुपयाही नाही. विक्री २२ ते २४ नोव्हेंबर अशी तीन दिवस खुली राहिली आणि किंमतपट्टा होता ४७५ ते ५०० रुपये.

पट्टा इतका अरुंद का?

सेबीच्या नियमानुसार पट्ट्याची वरची किंमत खालच्या किमतीच्या १२० टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. ही मर्यादा जुनी आहे. जानेवारी २०२२ पासून तिच्या जोडीला दुसरी आली: वरची किंमत खालच्या किमतीच्या किमान १०५ टक्के असायलाच हवी. त्याआधी दोन-तीन रुपयांचे पट्टे लागत असत. ती खरं तर ठरीव किंमतच असे, तिला बुक बिल्डिंग म्हणायचं एवढंच.

आता ४७५ ला १.०५ ने गुणून बघा. उत्तर येतं ४९८.७५. म्हणजे ५०० ही वरची किंमत कायद्याने चालेल त्या किमान रुंदीच्या जेमतेम सव्वा रुपया पुढे आहे. २० टक्क्यांपर्यंत मोकळीक असताना पाचच टक्के वापरले. मे २०२२ मधल्या एलआयसीच्या विक्रीतही हेच दिसतं. पट्टा ९०२ ते ९४९, आणि ९०२ ची १०५ टक्के होते ९४७.१०. एवढ्या अरुंद पट्ट्यातून बाजाराने किंमत शोधून काढावी ही अपेक्षा फार गंभीरपणे घेऊ नये. किंमत पुस्तक उघडण्याआधीच ठरत आलेली असते, आणि ती कशी ठरत गेली याच्या खुणा टाटा टेकच्या बाबतीत उघड दिसतात.

पहिली खूण ऑक्टोबर २०२३ ची. विक्रीच्या महिनाभर आधी टाटा मोटर्सने कंपनीतला ९.९ टक्के हिस्सा सुमारे १,६१४ कोटींना विकला. त्यातला मोठा वाटा टीपीजी या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या हवामानविषयक फंडाने घेतला. त्या व्यवहारात कंपनीचं मूल्य १६,३०० कोटी धरलं होतं. कंपनीचे एकूण शेअर साधारण ४० कोटी ५७ लाख, म्हणजे एका शेअरला सुमारे ४०२ रुपये पडले. एका मोठ्या, जाणत्या खरेदीदाराने नुकताच हा भाव मोजला होता, आणि भागविक्रीचा भाव त्याहून साधारण चोवीस टक्के वर गेला.

दुसरी खूण तुलनेची. आर्थिक वर्ष २०२३ चा निव्वळ नफा ६२४ कोटी, म्हणजे शेअरमागे सुमारे १५ रुपये ४० पैसे. ५०० रुपयांना भाव आणि नफ्याचं गुणोत्तर साडेबत्तीस पट येतं. त्याच, म्हणजे अभियांत्रिकी सेवांच्या धंद्यातल्या टाटा एल्क्सी आणि केपीआयटी या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या तेव्हा याच्या दुपटीहून जास्त पटीला विकल्या जात होत्या. हे आकडे विक्रीच्या कागदपत्रांत आणि किंमतपट्ट्याच्या जाहिरातीत छापलेले असतात. बरेच लोक जाहिरातीतला पट्टा तेवढा वाचतात आणि त्याखालचा तक्ता सोडून देतात.

तिसरी खूण विक्री उघडण्याच्या आदल्या दिवशीची, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी. त्या दिवशी सुकाणू गुंतवणूकदारांना, म्हणजे अँकरना, १ कोटी ५८ लाख २१ हजार शेअर ५०० रुपयांनी दिले गेले आणि ७९१ कोटी जमा झाले. अँकरचा नियम असा की पुढे अंतिम किंमत त्यांच्या किमतीपेक्षा वर ठरली तर फरकाचे पैसे त्यांनी भरायचे, पण खाली ठरली तर त्यांना काहीच परत मिळत नाही. असं असताना मोठमोठे फंड वरच्या टोकाची किंमत मोजतात, तेव्हा अंतिम किंमत ५०० च राहणार हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. अँकरचे आकडे त्याच संध्याकाळी शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर येतात. दुसऱ्या दिवशी अर्ज करणाऱ्याला ते आयते वाचायला मिळतात.

पुस्तकात नेमकं काय लिहिलं जातं

तरीही पुस्तक उघडतंच, आणि त्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. समजायला छोटा कल्पित हिशेब घेऊ. विक्रीला एक हजार शेअर आहेत आणि पट्टा ९५ ते १०० चा. शंभरला ३०० शेअरच्या बोली आल्या, अठ्ठ्याण्णवला ३००, सत्त्याण्णवला ४०० आणि पंच्याण्णवला ९००. बेरीज वरून खाली करत जायची. शंभरला ३००, अठ्ठ्याण्णवला एकूण ६००, सत्त्याण्णवला पूर्ण एक हजार. सगळा माल जिथे खपतो ती किंमत ९७. तिच्या वर किंवा तिच्याइतकी बोली लावणाऱ्या सगळ्यांना ९७ लाच शेअर मिळतात, आणि पंच्याण्णववाले बाहेर पडतात. कंपनी आणि व्यवस्थापक बँका ठरवून याहून खालची किंमतही घेऊ शकतात.

आता याच पुस्तकात किरकोळ गुंतवणूकदारांच्या ८०० शेअरच्या 'कट-ऑफ' बोली घाला. कट-ऑफ म्हणजे "जी ठरेल ती किंमत मला मान्य." अशी बोली पट्ट्यातल्या प्रत्येक किमतीला मोजली जाते, म्हणून ती शंभरच्या ओळीतही बसते. शंभरला ३०० च्या जागी ११०० झाले. सगळा माल वरच्या टोकालाच खपला आणि किंमत ९७ ची १०० झाली. बाकी कुणाचंही मत बदललेलं नाही. किरकोळ अर्जदार आपण किमतीबाबत काहीच बोललो नाही असं समजतो, पण त्याच्या त्या एका खुणेने किंमत वर ढकलली जाते. कट-ऑफची सोय दोन लाखांपर्यंतच्या किरकोळ अर्जांना आणि कर्मचाऱ्यांसारख्या राखीव गटांना असते. संस्थांना आणि मोठ्या वैयक्तिक अर्जदारांना आकडा लिहावा लागतो.

मग ४८० ची बोली का लावू नये? लावता येते. पण किंमत ५०० ठरली की तो अर्ज वाटपाच्या यादीतच येत नाही. अँकरनी पाचशे मोजले हे दिसत असताना ४८० लिहिणारा बहुधा अर्ज भरण्यापुरतंच काम करत असतो.

एकोणसत्तर पट मागणी आली, तर मग किंमत वाढवली का नाही, असं अनेकांनी विचारलं. पट्टा मध्येच बदलता येतो, पण नियमातल्या मर्यादेत, आणि तसं केलं तर विक्री किमान तीन दिवस वाढवावी लागते. मागणी ओसंडत असताना तो पट्टा वर नेण्याचा प्रसंग आपल्याकडे क्वचितच येतो. बदल होतात ते बहुतेक उलट्या बाजूचे: पुस्तक भरत नाही म्हणून किंमत उतरवणं किंवा मुदत वाढवणं. शिवाय मागणीचा मोठा भाग शेवटच्या दिवशी येतो, त्यामुळे निर्णयाला वेळही उरत नाही.

एकोणसत्तर पट म्हणजे किती?

अँकरचा भाग वजा केल्यावर ४ कोटी ५० लाख शेअर उरले होते. त्यावर ६९.४३ पट, म्हणजे सुमारे ३१२ कोटी शेअरची मागणी, रुपयांत १ लाख ५६ हजार कोटी. हा आकडा वर्तमानपत्रांत ठळक छापून आला. आत डोकावलं तर त्यातले जवळपास १ लाख ७ हजार कोटी एकट्या संस्थात्मक विभागातले दिसतात. तिथे १ कोटी ५ लाख शेअरसाठी २०३.४१ पट भरणा झाला होता.

संस्थांना वाटप प्रमाणात होतं, त्यामुळे इथला आकडा आपोआप फुगतो. एखाद्या फंडाने १०० कोटींचे, म्हणजे २० लाख शेअर मागितले असतील, तर त्याला सुमारे ९,८०० शेअर मिळाले. किंमत ४९ लाख. त्याला खरोखर दोन कोटींचे शेअर हवे असतील, तर चारशे कोटींची बोली लावावी लागणार. सगळेच असा हिशेब करतात. पट वाढेल या अपेक्षेने बोली मोठी होते, आणि बोली मोठी झाल्याने पट वाढतो. एका बोलीला वरची मर्यादा आहे, पण ती इतकी उंच असते की या खेळाला पुरून उरते. म्हणून दोनशे पट पाहून "संस्थांना दोनशे पट विश्वास वाटला" असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. संस्थांना रस आहे की नाही एवढं त्यातून कळतं. तो विभाग दीड पटीवर अडकला असता, तर ती बातमी जास्त मोलाची होती.

दोन लाखांवरच्या वैयक्तिक अर्जदारांच्या विभागातही पूर्वी असंच प्रमाणात वाटप होई. लोक कर्ज काढून कोट्यवधींच्या बोली लावत, आणि चारशे-पाचशे पटीचे आकडे दिसत. एप्रिल २०२२ पासून तिथे वेगळी पद्धत आली. विभागाचा एक तृतीयांश भाग दोन ते दहा लाखांच्या अर्जांना, उरलेला दहा लाखांवरच्यांना, आणि दोन्हीकडे जास्त अर्ज आले की आधी सोडत. त्याच दिवसापासून रिझर्व्ह बँकेने वित्तसंस्थांना भागविक्रीसाठी एका कर्जदाराला एक कोटीहून जास्त कर्ज द्यायला बंदी केली. टाटा टेकमध्ये हा विभाग ६२ पट भरला. सोडत लागलेल्याला ४२० शेअर मिळायचे, मग त्याची बोली अकरा लाखांची असो की अकरा कोटींची.

आता ते "सोळांत एक"

किरकोळ विभागाला १ कोटी ८४ लाख ५७ हजार ९१८ शेअर राखून होते. एक लॉट ३० शेअरचा, १५,००० रुपयांचा. राखीव शेअरना ३० ने भागलं की ६ लाख १५ हजार लॉट निघतात. या विभागात जास्तीत जास्त एवढ्याच लोकांना वाटप शक्य होतं.

साडेसोळा पट हा आकडा मागितलेल्या शेअरचा आहे. त्यातून सुमारे १ कोटी १ लाख लॉटची मागणी निघते. पण बऱ्याच जणांनी एकापेक्षा जास्त लॉट मागितलेले असतात. दोन लाखांच्या मर्यादेत तेरा लॉट बसतात, १,९५,००० रुपयांचे. नियम सांगतो की आधी प्रत्येक अर्जदाराला किमान एक लॉट द्यायचा आणि उरलं तर वाटायचं. अर्जदारच लॉटपेक्षा जास्त असतील, तर सोडत काढायची, आणि त्या सोडतीत प्रत्येक अर्जाची चिठ्ठी एकच. तेरा लॉटवाल्याची चिठ्ठी एक लॉटवाल्याच्या चिठ्ठीएवढीच, आणि लागली तरी त्याला ३० च शेअर मिळणार. त्याचे १ लाख ८० हजार रुपये खात्यात उगाच गोठून राहिले.

म्हणजे शक्यता काढायला पट उपयोगी नाही, अर्जांची संख्या लागते. या विक्रीला सगळ्या विभागांत मिळून सुमारे साडेत्र्याहत्तर लाख अर्ज आले, तेव्हाचा तो विक्रम होता. हे सगळेच्या सगळे किरकोळ विभागातले होते असं धरलं तरी बारा जणांत एकाला शेअर मिळतो. त्यातले काही अर्ज भागधारक, कर्मचारी आणि मोठ्या वैयक्तिक अर्जदारांचे होते, शिवाय काही छाननीत बाद होतात. त्यामुळे खरी शक्यता बारांत एकाहून चांगलीच होती. विक्री चालू असताना शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर अर्जांची विभागवार संख्या बघायला मिळते, आणि वाटपानंतर निबंधकाच्या जाहिरातीत संपूर्ण तक्ता येतो. पट सांगणाऱ्या बातमीपेक्षा तो तक्ता वाचावा.

घरात चार जणांना अर्ज करायचा असेल, तर एकाच्या नावावर चार लॉट मागण्यापेक्षा चौघांच्या स्वतंत्र पॅनवर एकेक लॉट मागणं चौपट शहाणपणाचं. पैसे मात्र ज्याच्या त्याच्या खात्यातून अडवले गेले पाहिजेत. दुसऱ्याच्या बँक खात्यातून केलेला अर्ज आणि त्याच विभागात एकाच पॅनवर केलेले दोन अर्ज सोडतीपर्यंत पोहोचतच नाहीत. यूपीआयची परवानगी शेवटच्या दिवशी वेळेत मंजूर न करणारेही असेच गळतात, आणि पुढे "मला कधीच लागत नाही" म्हणून नशिबाला बोल लावतात. पैसे अडवल्याचा बँकेचा संदेश आला नसेल, तर अर्ज गेलाच नाही असं समजावं.

या विक्रीत आणखी एक दार उघडं होतं. टाटा मोटर्सच्या भागधारकांसाठी ६० लाख ८५ हजार शेअर राखीव होते. विक्रीचं माहितीपत्रक नोंदवलं गेलं त्या दिवशी ज्याच्या नावावर टाटा मोटर्सचा एक शेअर असेल, त्याला या विभागात आणि शिवाय किरकोळ विभागात, असे दोन अर्ज करता येत होते. दोन्ही वैध. हा विभागही २९ पट भरला, तरी ज्यांनी ही संधी घेतली त्यांना दोन चिठ्ठ्या मिळाल्या. दिवस उलटल्यावर टाटा मोटर्स घेणारे मात्र बरेच होते.

पुढे काय झालं

२८ नोव्हेंबरला वाटप ठरलं, आणि ३० तारखेला राष्ट्रीय शेअर बाजारात पहिला भाव लागला १,२०० रुपये. तेरा लॉट मागून एकही न मिळालेल्यांची हळहळ समजण्यासारखी आहे, पण खरा प्रश्न विकणाऱ्यांना विचारायला हवा. पाचशेला दिलेली वस्तू सहा दिवसांत बाराशेला गेली. टाटा मोटर्सच्या ४ कोटी ६२ लाख शेअरवर हा फरक ३,२३९ कोटींचा होतो. व्यवस्थापक बँकांचं यावरचं नेहमीचं उत्तर असतं की पहिल्या दिवसाचा भाव थोड्याच शेअरवर लागतो, आणि सगळे शेअर बाराशेला विकायला काढले असते तर तो भाव आलाच नसता. यात तथ्य आहे. बाराशेला गुणोत्तर अठ्ठ्याहत्तर पट येतं, म्हणजे बाजाराने नव्या कंपनीला थेट टाटा एल्क्सीच्या पंगतीला बसवलं. पुढे तो भाव टिकला नाही. पण २०२५ पर्यंत तो पाचशेच्या खालीही गेला नाही. बँकांचं उत्तर अर्धं खरं धरलं, तरी ५०० ही किंमत कमी होती असं माझं मत आहे, आणि ती कमी ठेवण्यात विक्री नक्की यशस्वी व्हावी हा हिशेब असणार. भागविक्रीत विकणाऱ्याला शेवटचा रुपया हवा असतो, बँकेला पुस्तक भरलेलं हवं असतं, आणि पट्टा ठरवताना सल्ला बँकेचा असतो.

एलआयसीने नेमकं उलटं टोक दाखवलं होतं. तिथेही पट्टा असाच अरुंद, किंमत अशीच वरच्या टोकाला, भरणा २.९५ पट. सुकाणू गुंतवणूकदारांनीही पूर्ण ९४९ मोजले होते. १७ मे २०२२ ला मुंबई शेअर बाजारात पहिला भाव आला ८६७ रुपये २० पैसे. किरकोळ अर्जदारांना ४५ रुपयांची सूट होती, म्हणून त्यांचा शेअर ९०४ ला पडला होता, तरी ते पहिल्या मिनिटापासून तोट्यात होते. या दोन पुस्तकांच्या किमतीच्या रकान्याकडे पाहून कुठली विक्री चढेल आणि कुठली पडेल हे सांगता आलं नसतं. दोन्हीकडे उत्तर एकच लिहिलं होतं, पट्ट्याचं वरचं टोक.